पैसे परत मिळण्याचं कलम

मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलो, तेव्हा घरच्यांनी माझ्या विद्वत्तेचा नाद सोडला आणि मला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कारकून म्हणून चिकटवून दिलं. रत्नागिरीत तेव्हा सरकारी इस्पितळ होतं, तिथं पोट फाडणं फुकटात व्हायचं. पण लोक तिथं जायला धजत नसत. मेलेल्यांची चिरफाड तिथंच होई, त्यामुळे त्या जागेचा दरवाजा एकाच बाजूने उघडतो अशी गावोगावची समजूत होती. म्हणून जरा ऐपत असलेली किंवा ऐपत नसून मुंबईत मुलगा असलेली माणसं आमच्याकडे येत. चार खाटा, एक शस्त्रक्रियेची खोली, पुढे लांब ओसरी आणि ओसरीच्या टोकाला टेबलामागे मी.

डॉक्टरांचा हात हलका होता आणि जीभ जड. पैशाबद्दल बोलायचं म्हटलं की त्यांचे कान लाल होत. म्हणून त्यांनी ते काम एका पाटीवर सोपवलं होतं. पाटी त्यांनी स्वतः लिहिली होती: ‘पूर्वनियोजित शस्त्रक्रियेकरिता अग्रिम द्रव्य भरणे अगत्याचे आहे. अनुषंगिक व्यय पृथक् आकारला जाईल. अग्रिमाच्या प्रत्यर्पणाविषयी निर्णय प्रसंगोपात्त घेतला जाईल.’ ही पाटी वाचून एका शेतकऱ्याने चप्पल काढून तिला नमस्कार केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला ते स्तोत्र वाटलं असावं.

पुढे व्हायचं ते झालं. एका बाईच्या नवऱ्याचं मूळव्याधीचं काम झालं. तिने वीस रुपये आगाऊ भरले होते आणि काम वीसमध्ये उरकलं अशा समजुतीत ती होती. बिल बेचाळीसचं झालं. बाई ओसरीवर उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलली. “वीस घेतलेस तवा तोंडातनं शबूद नाय काढलास, आनि आता खाटेचं भाडं? माज्या घोवाने खाट काय इकत घेतली काय रं?” डॉक्टर आतल्या खोलीत जाऊन बसले ते बाई जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “ती पाटी काढ आणि नवी लिही. अडाण्यालाही कळेल अशी. अंदाज किती, परत किती मिळणार, वर काय लागणार, सगळं स्पष्ट. तुझ्यासारख्याला समजलं की जगाला समजेल.”

स्तुती समजून मी कामाला लागलो.

पहिला खर्डा मी फार मन लावून लिहिला. वरचा खर्च कधी लागेल ते स्पष्ट करायचं होतं. जखम पिकली, ताप आला, जास्त दिवस खाटेवर राहावं लागलं, तर खाटेचं भाडं आणि पट्ट्यांचे पैसे वाढतात, एवढंच ते. मी लिहिलं: ‘शस्त्रक्रियेत काही बिघाड झाल्यास त्याचा खर्च रुग्णाने सोसावयाचा आहे.’ वाक्य मला सुटसुटीत वाटलं. पाटी लागली त्याच सकाळी अंतर्गळाचा एक रोगी आणि मोतीबिंदूची एक म्हातारी आपापली गाठोडी घेऊन निघून गेली. म्हातारीचा नातू जाता जाता मला म्हणाला, “बिघाड तुमी करायचा आनि पयसे आमी भरायचे? ह्ये भारीच की!” डॉक्टरांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मॅट्रिकचे दोन्ही परीक्षक मला एकदम दयाळू वाटू लागले.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो. कागद घेऊन ओसरीवर बसलो आणि जो येईल त्याला वाचून दाखवू लागलो. ऐकणाऱ्याने विचारलेला प्रश्न म्हणजे माझ्या लिहिण्यातलं भोक, असं मानून बुजवत गेलो. या कामात मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो एका खारव्याच्या बायकोने.

तिचा नवरा तांडेल होता, म्हणजे होडीचा म्होरक्या. मालगुंडच्या पलीकडच्या एका वाडीतला. अंतर्गळ, म्हणजे जांघेत सरकलेलं आतडं, इतका उतरलेला की चालताना डावा हात सतत जांघेशी धरलेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, “जाळं ओढताना आतडं अडकलं आणि पिळलं, तर मला हाक मारायलासुद्धा वेळ उरणार नाही. आत्ता, धीराने, ठरवून करून घ्या.” तांडेल मान हलवत होता, समुद्रावरच्या माणसाची मान हलते त्याचा अर्थ हो असतो की नाही ते कळत नाही. बायकोने मात्र ठरवलं होतं. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या मुलाने मनिऑर्डर पाठवली होती. सोबत दीर आला होता, तांडेलाचा धाकटा भाऊ. गळ्यात रुमाल, बोलायला चटपटीत.

मी वाचायला लागलो. “अंतर्गळाच्या कामाचा अंदाज बेचाळीस रुपये. त्यात डॉक्टरांचे पंचवीस, भूल देणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचे पाच, खाट रोज आठ आणे अशी दोन आठवड्यांची सात, औषधं आणि पट्ट्या पाच.”

“भुलीचा डाक्तर येगळा?” बाई म्हणाली. “मंग तुमचा डाक्तर काय करतो?”

“कापतो.”

“आनि त्यो?”

“झोपवतो.”

“झोपवायला पाच? माजा घोव तर आमी न झोपवता झोपतो.”

ओसरी हसली. तांडेलही हसला आणि हसताना जांघ दाबून धरली.

“वीस रुपये आगाऊ भरायचे,” मी पुढे वाचलं. “टाक्यांचा दोरा आणि भुलीचं औषध मुंबईहून बोटीने मागवावं लागतं, म्हणून.”

“म्हंजे पावसात बोट नाय तर काम नाय?”

“नाही.” आणि मी कागदावर एक ओळ वाढवली: पावसाळ्यात ठरवून करायची कामं होणार नाहीत.

“जखम भरायला जास्त दिवस लागले तर रोजचे आठ आणे आणि पट्टीचे दोन आणे. त्याच्यावर काही नाही.”

“आनि नाय केलं तर?” हे दिराने विचारलं.

तिथं मी खूश झालो, कारण हे कलम मी फार कौशल्याने रचलं होतं. “शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत येऊन सांगितलं तर सगळे पैसे परत. नंतर सांगितलं तर भूलवाल्या डॉक्टरांचे अडीच कापून. आणि आमच्या डॉक्टरांनी स्वतःच काम रद्द केलं तर त्याच दिवशी पैन्‌पै परत.”

“कुनाच्या हाती?” दिराने विचारलं.

याआधी एकदा पैसे परत घ्यायला सासरा आणि जावई असे दोघे येऊन ओसरीवर झोंबले होते, म्हणून मी त्याचाही बंदोबस्त केला होता. “ज्याच्या नावाने पावती, त्याच्याच हाती. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

दीर म्हणाला, “झ्याक लिवलंव, भाऊ. पोराला पन समजंल.” मी लाजलो. इतका लाजलो की बाईने दिराकडे कसं पाहिलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

वीस रुपये भरले. पावती तांडेलाच्या नावाने फाडली, त्याने अंगठा केला. दिवाळीनंतरचा दिवस ठरला. रंगाऱ्याने नवी पाटी रंगवली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “बरी आहे.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्याच्या हातून सोन्याचं कडं.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी तिघंही आली. खोली धुऊन ठेवली होती, दोऱ्याच्या नळ्या बोटीने येऊन पडल्या होत्या. दीर पुढे, तांडेल मागे, बाई सगळ्यात मागे, पदर तोंडाशी धरून.

“पयसे परत पायजेत,” दीर म्हणाला. “दुपार व्हायची हाय अजून.”

“काय झालं?”

“कौल लावला.”

आमच्याकडे गावदेवीला विचारल्याशिवाय मोठं काम करत नाहीत. गुरव देवीच्या अंगावर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या घरचेही लग्नाआधी लावत. त्यामुळे मला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त विचारलं, “डावा पडला?”

“डावा कशाला? उजवाच पडला. चटकन.”

“मग?”

“आमी इचारलं, देवी आये, दवाखान्याच्या पाटीवर लिवलंय त्याप्रमाने पयसे परत घेऊ काय? उजवा पडला.”

मी म्हणालो, “अरे, पण शस्त्रक्रिया करू का असं विचारायचं होतंस ना?”

“त्यात आलंच की त्ये. परत घ्यायचे म्हंजे करायची नाय.”

आत डॉक्टरांच्या कानावर हे गेलं. ते बाहेर आले ते टॉवेलने हात पुसत. “देवीला पैशाचं विचारलं?” ते म्हणाले. “माझ्या पैशाचं? आतड्याचं विचारलं नाही?”

“डाक्तर साहेब,” दीर अदबीने म्हणाला, “तुमच्या पाटीवर आतड्याचं काय लिवलेलं नाय. पयशाचं लिवलंय.”

डॉक्टरांनी तांडेलाकडे पाहिलं. “तुझं काय म्हणणं?”

तांडेल म्हणाला, “देवीच्या शबदाबाहेर कसा जाऊ?”

बाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मी म्हनलं होतं, नीट इचारा. बायकांचं गाऱ्हानं कोन घालतं?”

डॉक्टरांनी पाटीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. “दे,” ते म्हणाले. “लिहिलंय तसं दे.” मी वीस रुपये तांडेलाच्या हातात मोजले. त्याने ते न बघता भावाकडे दिले. आत शस्त्रक्रियेच्या खोलीला कडी लावल्याचा आवाज आला.

आता एवढ्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी त्याच रविवारी तरीने खाडी ओलांडून, पायपीट करून त्यांच्या गावच्या देवळात गेलो. मनात असं की गुरवाला समजावू, पुन्हा नीट प्रश्न विचारायला लावू. गुरव म्हातारा होता, सुपारी कातरत पायरीवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पाटीचं कौशल्यही जरा सांगितलं.

तो म्हणाला, “देवीला जा इचारलं ता तिनं सांगितलं. मी मधी कशाक बोलू?”

“पण प्रश्नच चुकला.”

“तुमच्या परीक्षेत प्रश्न चुकला म्हनून उत्तर परत लिवायला देतात?”

या माणसाला माझ्या मॅट्रिकबद्दल कुणी सांगितलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. “मग पुन्हा कधी विचारता येईल?” मी विचारलं.

“एका कामाचा कौल शिमगा झाल्याबगार परत लागत नाय. ह्यो आमचा कायदा हाय. तुमचा तसा आमचा.”

नारळ ठेवून परत आलो. वाटेत पाय सोलपटले.

शिमगा झाला. पालखी नाचली. चैत्रात तांडेल, त्याची बायको आणि दीर पुन्हा ओसरीवर हजर. बाईच्या चेहऱ्यावर थकलेली पण निवांत अशी कळा होती. “ह्या वखताला मी सोता उभी राहिले गुरवापुढं,” ती म्हणाली. “कापून घेऊ काय, असं इचारलं. उजवा.”

“आणि पैसे?”

“पोराने परत धाडले. मागले शिडाला गेले.” दीर दुसरीकडे बघत होता. शीड नवं घेतलं होतं असं त्यानेच मग सांगितलं, आणि जुनं किती फाटलं होतं तेही.

वीस रुपये, पावती तांडेलाच्या नावाने, अंगठा. पुढच्या आठवड्यातला दिवस. यंदा कुणी आदल्या दिवशी आलं नाही. ठरल्या सकाळी तांडेल धुतलेला लेंगा घालून आला आणि खाटेवर बसला. डॉक्टरांनी नळी छातीला लावली. त्याला खोकायला सांगायची गरज पडली नाही. तो खोकतच होता. शिमग्यात रात्री दवात जागला होता, विडी चालूच होती, आणि छाती घरघरत होती.

डॉक्टर बाहेर आले. “आज नाही,” ते मला म्हणाले. “भूल दिली तर छातीला अपाय. आणि शुद्धीवर येऊन असा खोकला तर एकही टाका राहायचा नाही. होतं त्याहून वाईट होईल. खोकला जाईपर्यंत थांबायचं.”

“किती दिवस?”

“जाईपर्यंत.”

आणि वैशाखानंतर बोट बंद.

मी तांडेलाला सांगायला गेलो. तो माझ्याकडे पाहून हसला. “देवी हो म्हनाली,” तो म्हणाला, “तर आता डाक्तर नाय म्हनतो. कुनीतरी एकदा येका बाजूला व्हा रे.”

मी टेबलाशी आलो आणि खण उघडला. पाटीप्रमाणे डॉक्टरांनी स्वतः काम रद्द केलं होतं. त्याच दिवशी पैन्‌पै परत. बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दीर तेव्हा बाहेर विडी ओढत होता.

“भाऊ,” ती हळू म्हणाली, “ते परत देऊ नका.”

“म्हणजे?”

“तुमच्याकडंच ऱ्हाऊ देत. घरी गेले तर जाळ्याला जातील. ह्ये दोघं भाव जाळ्याचं बोलताहेत. पोर तिसऱ्यांदा कुठनं धाडील? तुमी नुसतं खणात ठेवा. खोकला गेला की येतो आमी. दसऱ्याला येतो.”

“अहो बाई, पण पाटीवर...”

“पाटी तुमीच लिवलीत ना? मंग अजून येक वळ लिवा.”

ही एवढी साधी गोष्ट मला का सुचली नव्हती असं वाटून मी आत धावलो. “डॉक्टर, एक ओळ घालू. रुग्णाच्या इच्छेने रक्कम पुढच्या तारखेसाठी ठेवून घेता येईल.”

“तारीख कोणती?”

“खोकला गेल्यावर.”

“ही तारीख नाही. आणि पावती कुणाच्या नावाने आहे?”

“तांडेलाच्या.”

“त्याला विचार. तो म्हणाला ठेवा, तर ठेवतो. बायको म्हणते म्हणून नवऱ्याचे पैसे अडकवून ठेवायला हा दवाखाना आहे, सावकाराची पेढी नाही. उद्या भाऊ येऊन माझ्या नावाने ओरडेल, आणि मी त्याला काय सांगू? तुझीच पाटी दाखवेल तो.” मग ते म्हणाले, “ते लिहिलंस ते बरोबरच आहे.”

मी तांडेलाला विचारलं. बायकोदेखत, भावाच्या गैरहजेरीत, शक्य तितकं गोड करून. “तुमचे पैसे आमच्याकडे ठेवू का? दसऱ्यापर्यंत?”

त्याने बायकोकडे पाहिलं. त्याला तिचं म्हणणं कळत होतं, असं मला अजूनही वाटतं. तेवढ्यात दीर आत आला. “काय, दादा?”

“पयसे ठेवू काय म्हनतात दसऱ्यापतोर.”

“कशाला?” दीर पाटीकडे बोट दाखवून म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं, पण ते कलम कुठं आहे हे त्याने पक्कं ध्यानात ठेवलं होतं. “त्याच दिवशी, पैन्‌पै, ज्याची पावती त्याच्या हाती. भाऊनीच वाचून दाखवलं हाय. भाऊ काय खोटं लिवतील?”

तांडेलाने हात पुढे केला.

मी मोजले. माझ्यासारखा विसराळू मनुष्य त्या वेळी चुकून एखादा रुपया खणात ठेवील, उगाच गोंधळ घालील, काम लांबवील, असं मलाच वाटत होतं. पण नाही, सारे बरोबर मोजले. बाई मधेच ओसरीच्या कडेला गेली आणि समोरच्या फणसाकडे बघत उभी राहिली. तिघं गेली तेव्हा तांडेल सगळ्यात मागे होता, डावा हात जांघेशी.

पावसाळा गेला. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. दसऱ्याच्या सुमारास मी रोज ओसरीवर वाट पाहिली. त्या वाडीचे दोन मोतीबिंदू आले, एक हातमोड आली, तांडेल आला नाही. मी पाटीखाली खडूने रक्कम ठेवून घेण्याची ती ओळ लिहूनही ठेवली होती. कुणी विचारलं नाही, पुसून टाकली.

कार्तिकात एकदा काही कामाने बंदरावर गेलो असता बाई बाजारात टोपलीमागे बसलेली दिसली. मला पाहून तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, जणू मी गिऱ्हाईकच.

“तांडेल कसे आहेत?” मी विचारलं.

“हायेत घरी.”

“खोकला?”

“खोकला गेला. पावसातच गेला.”

“मग या ना. आता बोट सुरू झाली आहे. डॉक्टर करतील.”

“पोराला इचारलं. तो म्हनतो, दोनदा धाडले, तिसऱ्यांदा नाय.” तिने एक बांगडा उचलून दुसऱ्यावर ठेवला. “जाळं चांगलं आलंय. मुंबईचं हाय. पन आता ते वडायला यांना होत नाय. दीर दुसऱ्या तांडेलाला घेऊन जातो. हे दारात बसून फाटकं शिवतात. उभं ऱ्हायला झालं की घाम फुटतो.”

मी टोपलीतल्या बांगड्यांकडे बघू लागलो.

“बांगडे घ्या,” ती म्हणाली. “ताजे हायेत.”

आमच्या घरात मासळीचा वासही चालत नसे, आणि हे तिलाही ठाऊक असणार. तरी मी चार बांगडे घेतले, तिने सांगितलेला भाव दिला. तिने ते पानात गुंडाळून माझ्या हातात ठेवले. मग बंदरापासून घरापर्यंत मी ते हातात धरून हिंडलो. दवाखान्यात नेता येईना, घरी नेता येईना, फेकवेना. शेवटी संध्याकाळ झाली तेव्हा एका तळ्याच्या घाटावर बसून राहिलो, बांगडे मांडीवर, आणि शेजारी दोन मांजरं येऊन बसली.